दोन रुपयांचा धनादेश आणि मागणीचा उतार

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. लिलावात भाव निघाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता पट्टीवर शिल्लक राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. शेतकऱ्याच्या हाती धनादेश आला तो दोन रुपयांचा. ही बातमी राज्यभर गाजली. पुढच्या महिन्यात राज्य सरकारला क्विंटलमागे अनुदान जाहीर करावे लागले.

त्या दिवसांत शहरातल्या भाजीवाल्याकडे कांदा काही एक रुपया किलोने मिळत नव्हता. तो स्वस्त झाला होता, पण शेतकऱ्याचा भाव जितका कोसळला तितका मुळीच नाही. शिवाय स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खाल्ला असेही नाही. पोह्यांना जेवढा लागतो तेवढाच लागतो, वाटणात जेवढा पडतो तेवढाच पडतो. भाव उतरला की ग्राहक थोडा सैल हाताने घेतो, चढला की हात आखडतो, पण फार नाही. या ‘थोडा’ आणि ‘फार’ला अर्थशास्त्रात एक नेमका आकडा आहे. त्याचे नाव मागणीची किंमत लवचीकता. शेतकऱ्याच्या धनादेशापर्यंतचा सगळा हिशोब या एका आकड्यावरून मांडता येतो.

कांद्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट गव्हाच्या बाबतीत लक्षात आली होती. १६९९ मध्ये चार्ल्स डॅव्हनंट या इंग्रज लेखकाने एक छोटे कोष्टक छापले. त्याचा पाया ग्रेगरी किंग याच्या आकडेमोडीत आहे असे मानले जाते. पीक नेहमीपेक्षा एक दशांशाने कमी आले तर धान्याचा भाव तीन दशांशांनी चढतो. दोन दशांशांनी कमी आले तर आठ दशांशांनी. आणि निम्मेच आले तर भाव पंचेचाळीस दशांशांनी, म्हणजे साडेचार पटींनी वाढून मूळच्या साडेपाच पट होतो. याचा गुणाकार केला की डोळे विस्फारतात. निम्मे पीक गुणिले साडेपाच पट भाव म्हणजे नेहमीच्या पिकाच्या पावणेतीन पट पैसा. कमी पिकाला जास्त पैसा मिळतो. उलट बाजूने वाचले तर भरघोस पिकाला कमी. शेतकरी एकत्रितपणे जितके जास्त पिकवतील तितके एकत्रितपणे गरीब होतील, हे सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या या कोष्टकात दडलेले आहे.

या निरीक्षणाला गणिती रूप दिले ते १८३८ मध्ये, ऑगस्तँ कुर्नो या फ्रेंच गणितज्ञाने. त्याने खनिज पाण्याच्या झऱ्याचा एक मालक कल्पिला. पाणी आपोआप वाहते, काढण्याचा खर्च शून्य. मग मालकाने भाव किती लावावा? कुर्नोने मागणी हे किमतीचे फलन मानले आणि त्याचे विकलज घेतले. विकलज म्हणजे बदलाचा वेग: किंमत अगदी थोडी हलवली तर मागणी कोणत्या दिशेने आणि किती झपाट्याने हलते ते सांगणारी संख्या. आलेखावर पाहिले तर तो त्या बिंदूपाशी रेषेचा उतार असतो.

पण नुसत्या उताराने काम भागत नाही. ‘भाव एका रुपयाने वाढला आणि मागणी पाच क्विंटलांनी घटली’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही. दहा रुपये किलोच्या मालावर एक रुपया वाढणे वेगळे आणि शंभरच्या मालावर वाढणे वेगळे. क्विंटलऐवजी टनात मोजले तर आकडाही बदलतो. म्हणून ॲल्फ्रेड मार्शलने बदल शेकड्यात मोजला. १८८१-८२ च्या हिवाळ्यात पालेर्मोच्या एका हॉटेलच्या गच्चीवर त्याला ही कल्पना पक्की सुचली, असे त्याच्या पत्नीने, मेरी पेली मार्शलने, पुढे नोंदवले आहे. १८९० मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथातून ती जगभर पोचली. तिचे सूत्र असे:

E = − (p / Q) × (dQ / dp)

इथे p म्हणजे किंमत, Q म्हणजे त्या किमतीला होणारी मागणी आणि dQ/dp म्हणजे मागणीचे विकलज. किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून विकलज ऋण असते. समोरचे ऋण चिन्ह उत्तर धन करण्यासाठी आहे. अर्थ साधा: किंमत एक टक्क्याने वाढली तर मागणी सुमारे E टक्क्यांनी घटते. टक्क्याला ना रुपया चिकटलेला असतो ना क्विंटल, त्यामुळे कांद्याची लवचीकता सोन्याच्या लवचीकतेशेजारी ठेवून पाहता येते.

आता एक हिशोब पूर्ण करून पाहू. एखाद्या शहराची कांद्याची रोजची मागणी, सोयीसाठी, सरळ रेषेत मानू: Q = ६०० − ५p. Q क्विंटलमध्ये, p किलोमागे रुपयांत. विकलज सगळीकडे एकच, −५. म्हणजे भावात दर रुपयाच्या वाढीमागे खप पाच क्विंटलांनी कमी होतो. उतार कुठेही बदलत नाही. तरीही लवचीकता मात्र रेषेवर जागोजागी बदलत जाते.

वीस रुपयांना खप ५०० क्विंटल. लवचीकता आली ५ × २० ÷ ५००, म्हणजे ०.२. इथे मागणी कमी लवचीक आहे: भाव एक टक्का चढवला तर खप एक पंचमांश टक्काच घटतो. रोजची उलाढाल दहा लाख रुपये. भाव एकवीस केला तर खप ४९५ क्विंटल आणि उलाढाल १० लाख ३९ हजार ५०० रुपये. गिऱ्हाइके थोडी गळाली, पण पैसा वाढला.

नव्वद रुपयांना चित्र उलटते. खप १५० क्विंटल, लवचीकता ५ × ९० ÷ १५०, म्हणजे ३. उलाढाल साडेतेरा लाख. भाव एक्याण्णव केला तर खप १४५ क्विंटल आणि उलाढाल १३ लाख १९ हजार ५०० रुपये. भाव वाढवला आणि साडेतीस हजार रुपये गमावले. कारण उघड आहे: एक टक्क्याच्या भाववाढीने तीन टक्के गिऱ्हाईक पळवले.

या दोन टोकांच्या मध्ये साठ रुपयांना खप ३०० क्विंटल आणि लवचीकता बरोबर एक. उलाढाल अठरा लाख. एकोणसाठला आणि एकसष्टला ती सारखीच, १७ लाख ९९ हजार ५०० रुपये. म्हणजे अठरा लाख हेच शिखर. लवचीकता एकपाशी आली की उलाढाल शिखरावर असते, हा योगायोग नाही. उलाढाल R म्हणजे p × Q. तिचे विकलज गुणाकाराच्या नियमाने घेतले तर मिळते:

dR / dp = Q + p × (dQ / dp) = Q × (१ − E)

या छोट्या कंसात सारे काही आहे. E एकहून कमी असेल तर कंस धन, आणि भाववाढीने उलाढाल वाढते. E एकहून जास्त असेल तर कंस ऋण, आणि भाववाढीने ती घटते. एक असेल तर दोन्हीकडे हालचाल नाही. कुर्नोचा झऱ्याचा मालक नेमका याच बिंदूवर थांबतो. कांदा पिकवणारे लाखो शेतकरी तिथे थांबू शकत नाहीत, कारण त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती भाव नाही. आवक किती होईल ते पाऊस आणि लागवड ठरवते. भाव त्यातून निघतो. म्हणून त्यांच्यासाठी हेच सूत्र उलटे वाचावे लागते: लवचीकता ०.२ असेल तर एक टक्का जादा आवक खपवायला भाव सुमारे पाच टक्के पाडावा लागतो.

‘सुमारे’ हा शब्द इथे गरजेचा आहे. वीस रुपयांपाशी कंसाचे सूत्र सांगते की एका रुपयाच्या वाढीने उलाढाल चाळीस हजारांनी वाढावी. प्रत्यक्ष वाढली साडेएकोणचाळीस हजारांनी. विकलज त्या बिंदूपाशीच अचूक असते. पाऊल जितके लांब टाकावे तितकी चूक वाढते.

वरची सरळ रेषा मानलेली आहे. खरी रेषा बाजारातून काढायची म्हटली की अवघड काम सुरू होते. बाजार समितीच्या नोंदीत रोजची आवक आणि रोजचा भाव असतो. ते ठिपके कागदावर मांडून त्यांतून रेघ ओढावी, असे कोणालाही वाटेल. हेन्री मूर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९१४ मध्ये कच्च्या लोखंडाबाबत जवळपास हेच केले आणि त्याला मिळालेली मागणीची रेषा वर चढत जाणारी निघाली. जणू लोखंड महागले की लोक जास्त घेतात. खरे असे होते की तेजीत मागणीच वाढत होती आणि मंदीत ओसरत होती. त्यामुळे ते ठिपके पुरवठ्याच्या रेषेवर पसरले होते. एल्मर वर्किंग याने १९२७ मध्ये हा गुंता नीट उलगडून दाखवला: बाजारातला प्रत्येक ठिपका मागणी आणि पुरवठा या दोन रेषांचा छेदबिंदू असतो. मागणीचा उतार हवा असेल तर मागणी जागेवर असताना केवळ पुरवठा हललेला असे दिवस शोधावे लागतात.

कांद्यात असे प्रसंग मिळतात. २०१९ च्या परतीच्या पावसाने महाराष्ट्रातला खरीप कांदा शेतातच सडला आणि डिसेंबरात किरकोळ भाव शंभरीपार गेला. लोकांची कांद्याची आवड पावसाने बदललेली नव्हती. पुरवठाच आटला होता. असे दिवस उताराच्या मोजमापाला उपयोगी पडतात. उलट कांदेनवमीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तर घोटाळा होईल, कारण चातुर्मासात कित्येक घरांतून कांदा-लसूण बंद होतो आणि मागणीची अख्खी रेषाच सरकते. आणखी एक खाचखळगा: आवक म्हणजे खप नव्हे. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, त्यामुळे आज बाजारात आलेला माल आजच खाल्ला जातो असे नाही.

आता सोलापूरच्या पट्टीकडे वळू. ग्राहक जो भाव देतो तो शेतकऱ्याच्या भावापेक्षा बराच वर असतो. मधे वाहतूक आहे, गोणी आहे, हमाली आहे, सडका माल निवडून टाकणे आहे, किरकोळ विक्रेत्याचे गाळाभाडे आणि त्याची मजुरी आहे. यातला मोठा भाग किलोमागे ठरलेला असतो. कांदा तीस रुपयांचा असो की तीन रुपयांचा, गोणी उचलायला तेवढीच ताकद लागते आणि ट्रकला तेवढेच डिझेल.

समजा ग्राहक तीस रुपये देतो, मधला खर्च वीस रुपये आणि शेतकऱ्याला दहा. घरगुती मागणीची लवचीकता तीस रुपयांपाशी ०.६ मानू. मधला खर्च कायम असल्याने शेतकऱ्याचा भाव एका रुपयाने उतरला की ग्राहकाचाही एकाच रुपयाने उतरतो. म्हणजे विकलज, dQ/dp, दोघांसाठी सारखेच. पण सूत्रातला p वेगळा: ग्राहकासाठी तीस, शेतकऱ्यासाठी दहा. त्यामुळे शेतकऱ्याच्या दारात लवचीकता एक तृतीयांश होते, म्हणजे ०.२. ग्राहक तोच, मालही तोच. तरी शेताच्या बांधावरची मागणी स्वयंपाकघरातल्या मागणीपेक्षा तिपटीने ताठर.

याचा परिणाम पाहा. आवक पाच टक्क्यांनी वाढली. ती खपायची तर शेतकऱ्याचा भाव पंचवीस टक्क्यांनी पडायला हवा: दहाचे साडेसात. ग्राहकाचा भाव अडीच रुपयांनीच उतरतो, तिसाचे साडेसत्तावीस, म्हणजे जेमतेम आठ टक्के. ग्राहकाला ही उतरण जाणवतही नाही. शेतकऱ्यांच्या हाती मात्र पाच टक्के जादा माल घालूनही एकूण पैसा एकवीस टक्क्यांनी कमी येतो. भाव जितका खाली जाईल तितके हे प्रमाण आणखी बिघडते. शेतकऱ्याला पाच रुपये आणि ग्राहकाला पंचवीस असे झाले की p चा वाटा एक तृतीयांशावरून एक पंचमांशावर येतो. भाव एका रुपयावर आला की शेताच्या बांधावरची लवचीकता शून्याला टेकते. तिथे थोडासा जादा मालही भावाला तळ दाखवतो. ५१२ किलो कांद्याचे ५१२ रुपये आणि खर्च ५०९ रुपयांहून अधिक, ही पट्टी त्या तळाशी लिहिली गेली होती.

फेब्रुवारीतच असे का व्हावे, यालाही कारण आहे. त्या दिवसांत बाजारात असतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. उन्हाचा चटका बसला की लवकर खराब होतो. उन्हाळ कांद्याच्या बाबतीत भाव पडला की चाळ भरणारे पुढे येतात, आज घेऊन दोन महिन्यांनी विकू म्हणतात, आणि त्यांच्या खरेदीने मागणीत थोडी लवचीकता येते. लाल कांद्याला तो आधार नाही. निघाला की विकायचा.

दुसरा आधार निर्यातीचा. परदेशातली मागणी देशातल्या मागणीहून अगदी वेगळी वागते. दुबईच्या किंवा क्वालालंपूरच्या व्यापाऱ्याला कांदा हवाच असतो, पण तो भारताचाच हवा असे नाही. भारतीय माल महागला तर तो पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा घेतो. कांद्याची एकूण मागणी तिथेही ताठर असेल. भारतीय कांद्याची मागणी मात्र पर्याय हाताशी असल्याने एकच्या बरीच वर असू शकते.

एकूण मागणीची लवचीकता म्हणजे या दोन बाजारांच्या लवचीकतांची, त्यांच्या वाट्यानुसार काढलेली सरासरी. बेरजेचे विकलज म्हणजे विकलजांची बेरीज, यातून ते सरळ निघते. हिशोबासाठी धरू की नव्वद टक्के माल देशात जातो, जिथे शेतकऱ्याच्या दाराशी लवचीकता ०.२ आहे; दहा टक्के बाहेर जातो, जिथे ती ३ आहे. सरासरी आली ०.१८ अधिक ०.३, म्हणजे ०.४८. दहा टक्क्यांच्या वाट्याने एकूण लवचीकता दुपटीहून वर नेली. आता तीच पाच टक्के जादा आवक आली तर भाव पंचवीस टक्क्यांऐवजी सुमारे साडेदहा टक्के पडतो. थोडाच माल बाहेर जातो म्हणून निर्यात किरकोळ, हे म्हणणे इथे चुकते. भाव सावरण्याचे निम्म्याहून अधिक काम तो थोडा माल करत असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. शहरी ग्राहकाला दिलासा देणे हा हेतू होता. पण वरच्या आकड्यांत हे पाऊल बसवून पाहिले तर शेतकऱ्यावर दोन घाव एकाच वेळी पडतात. बाहेर जाणारा माल देशातल्या बाजारात परत येतो, हा पहिला. दुसरा कमी दिसणारा: मागणीतला लवचीक भाग निघून जातो आणि उरते ती ०.२ ची ताठर मागणी. इथे टक्क्यांचे सूत्र वापरून पडझडीचा नेमका आकडा काढू नये. नव्वदच्या बाजारात दहा येणे म्हणजे अकरा टक्क्यांची भर, ०.२ ने भागले तर पंचावन्न टक्क्यांची घसरण निघते, आणि एवढ्या लांब उडीला बिंदूवरचे विकलज पुरत नाही. तिथे आख्खी रेषा माहीत असावी लागते, आणि चाळीत किती माल आहे, तो किती दिवस टिकेल हेही.

बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ५५० डॉलरच्या किमान मूल्यासह आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात किमान मूल्य गेले आणि शुल्क वीस टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. परदेशी खरेदीदाराची लवचीकता तीन असेल तर त्याच्या भावात दिसणारे प्रत्येक टक्का शुल्क सुमारे तीन टक्के माल दुसऱ्या देशाकडे वळवते. मधल्या काळात दुसरीकडे खरेदीची घडी बसवलेला व्यापारी शुल्क हटले म्हणून लगेच परत येत नाही. त्यामुळे शुल्क चढताना मोजलेली लवचीकता ते उतरतानाही तेवढीच भरेल असे गृहीत धरता येत नाही. ती त्या हंगामाच्या आकड्यांवरून नव्याने काढावी लागते.